गुगलच्या यादीत चुकीची ओळ येते कुठून?

एका मराठी मासिकाची वेबसाइट वर्डप्रेसवर आहे असे समजा. तिच्यावरचा ‘कोकणातल्या देवराया’ हा लेख गुगलवर शोधला, तर लेखाच्या नावाखाली देवरायांबद्दल एक शब्दही दिसत नाही. तिथे दिसते ते असे : ‘मजकूर आणि छायाचित्रे : आमचे प्रतिनिधी | पूर्वप्रसिद्धी : दिवाळी अंक २०२३’. मासिकाच्या इतर लेखांचीही तीच गत. लेख चांगले आहेत, शोधणारा माणूसही नेमका त्यांच्याच शोधात आहे. पण यादीतल्या दोन ओळी वाचून त्याला ते कळायला मार्ग नाही. अशा वेळी संपादक एकेक लेख उघडून दुरुस्त करू लागतात. शंभर-दोनशे लेखांचे काम अंगावर येते, आणि नव्या लेखात तीच चूक पुन्हा उगवते, कारण चूक लेखात नसते. ती सर्व लेखांसाठी एकदाच ठरवून ठेवलेल्या साच्यात असते. म्हणून दुरुस्तीआधी ती ओळ कुठून उचलली गेली हे शोधायला हवे.

पहिला प्रश्न असा, की चुकीची ओळ आपल्या पानात आहे की फक्त गुगलच्या यादीत? संगणकावर लेखाचे पान उघडा आणि कंट्रोल व यू ही बटणे एकत्र दाबा. पानामागचा मूळ मजकूर दिसू लागेल. त्यात `<title` आणि `name="description"` हे शब्द शोधा. आपल्या उदाहरणात तिथे असे सापडते :

```html
<title>कोकणातल्या देवराया - पर्यावरण, कोकण, दिवाळी अंक - मासिकाचे नाव</title>
<meta name="description" content="मजकूर आणि छायाचित्रे : आमचे प्रतिनिधी | पूर्वप्रसिद्धी : दिवाळी अंक २०२३ देवराई म्हणजे..." />
```

म्हणजे गुगलने आपल्या मनाने काही केलेले नाही. त्याला जे दिले तेच त्याने दाखवले. तपासणी करताना वर्डप्रेसमधून लॉग-आउट झालेले बरे, आणि साइटवर कॅशेचे प्लगइन असेल तर आधी ते रिकामे करावे. नाही तर साठवून ठेवलेले जुने पानच समोर येते आणि केलेली दुरुस्ती लागू झाली नाही असे वाटत राहते.

शोधयादीसाठी शीर्षक आणि वर्णन तयार करणारी प्लगइन्स अनेक आहेत. मी इथे योस्ट एसईओ धरून चालतो. ते स्वतःचा मजकूर पानात दोन खुणांच्या मध्ये ठेवते आणि त्या खुणांमध्ये Yoast हे नाव स्पष्ट लिहिलेले असते. वर्णनाची ओळ या खुणांच्या आत असेल तर ती योस्टने घातली आहे. बाहेर आणखी एक वर्णन सापडले, तर ते थीमचे किंवा दुसऱ्या एखाद्या प्लगइनचे असते. अशी दोन प्लगइन्स एकाच वेळी चालू ठेवू नयेत. त्यातले एक बंद केल्याशिवाय पुढची तपासणी करण्यात अर्थ नाही, कारण कोणती ओळ कोणाची हेच कळत नाही.

आपल्या मासिकाच्या पानात ओळ योस्टचीच आहे. योस्ट आधी त्या लेखासाठी कोणी हाताने वेगळे वर्णन लिहिले आहे का ते बघते. नसेल तर सर्व लेखांचा साचा वापरते. हा साचा `Settings` मध्ये `Content types` खाली `Posts` या पानावर असतो. तिथली वर्णनाची चौकट मुळात रिकामी असते. मासिकाच्या साइटवर मात्र सुरुवातीला कोणीतरी तिच्यात `%%excerpt%%` घातले होते. त्याचा अर्थ : लेखाचा सारांश लिहिलेला असेल तर तो घे, नसेल तर लेखाच्या सुरुवातीचा तुकडा कापून घे. मासिकात सारांश लिहिण्याची पद्धत नव्हती आणि प्रत्येक लेख श्रेयाच्या ओळीने सुरू व्हायचा. म्हणून प्रत्येक वर्णनही त्याच ओळीने सुरू होऊ लागले. लेखाच्या माथ्यावर छायाचित्र असेल तर त्याची ओळही अशीच आत शिरते.

मराठी मजकुरात हे जास्त बोचते. योस्ट हा तुकडा १५६ चिन्हांवर कापते, पण ती मोजणी आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांची नसते. काना, वेलांटी, मात्रा आणि जोडाक्षरातला हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे धरली जातात. ‘छायाचित्रे’ हा शब्द आपण चार अक्षरांचा म्हणू. संगणकासाठी ती दहा चिन्हे आहेत. त्यामुळे १५६ चिन्हांत मराठीचे वीस-पंचवीस शब्दच बसतात. त्यातला मोठा भाग श्रेयाने खाल्ला तर देवराईसाठी उरते अर्धे वाक्य.

आणखी एक कारण जुन्या साइट्सवर वारंवार सापडते. पाने बांधण्याची काही साधने लेखाचा मजकूर चौकटी कंसातल्या शॉर्टकोडमध्ये गुंडाळतात, उदाहरणार्थ `[vc_row]`. तुकडा कापण्याआधी वर्डप्रेसला माहीत असलेले शॉर्टकोड गाळले जातात, आणि शॉर्टकोडच्या पोटातला मजकूरही त्यांच्याबरोबर गळू शकतो. मग लेख भरलेला असूनही वर्णन रिकामे निघते. तेच साधन पुढे बंद केले, तर वर्डप्रेसला ते शॉर्टकोड ओळखीचे राहत नाहीत आणि कंसांची रांग जशीच्या तशी वर्णनात उतरते. वर्णनात चौकटी कंस दिसले की योस्टची सेटिंग्ज तपासत बसू नये. लेखाच्या मजकुरात उरलेले शॉर्टकोड साफ करावे लागतात.

मासिकासाठी उपाय सोपा आहे. साच्यात `%%excerpt%%` ऐवजी `%%excerpt_only%%` ठेवायचे. हे फक्त हाताने लिहिलेला सारांश घेते. तो नसेल तर वर्णन रिकामे सोडते. रिकाम्या वर्णनाची अनेकांना भीती वाटते, ती मला अनाठायी वाटते. वर्णन नसेल तर गुगल लेखातून, शोधलेल्या शब्दांशी जुळणारा भाग स्वतः निवडते, आणि तो श्रेयाच्या ओळीपेक्षा जवळजवळ नेहमीच उपयोगी असतो. त्यानंतर जे लेख जास्त वाचले जातात, त्यांच्यासाठी संपादन-पानाच्या उजवीकडे सारांश लिहावा. पहिल्या दहा-बारा शब्दांत विषय आणि ठिकाण आले पाहिजे, कारण मोबाइलवर पुढचा भाग कापला जाऊ शकतो. रँक मॅथ वापरत असाल तर साच्यात `%excerpt%` दिसेल, ऑल इन वन एसईओमध्ये `#post_excerpt`. त्या दोन्हींत हा उतारा सुरुवातीपासूनच साच्यात असतो, म्हणून तिथे हा दोष कोणी काही न करताही उद्भवतो.

आता शीर्षक. योस्टचा मूळ साचा लेखाचे नाव, पान क्रमांक, मधली रेघ आणि साइटचे नाव एवढाच असतो. मासिकाने त्यात `%%category%%` घातले होते. लेखाला जेवढे विभाग दिलेले असतील तेवढे सगळे ते स्वल्पविराम देऊन ओतते. आणि विभाग निवडायचा राहिला तर ‘Uncategorized’ हा शब्द मराठी शीर्षकात येऊन बसतो. एकच मुख्य विभाग हवा असेल तर `%%primary_category%%` वापरता येते. माझे मत विभाग काढूनच टाकावा असे आहे. ‘कोकणातल्या देवराया’ या नावात कोकणही आहे आणि पर्यावरणही.

मुखपृष्ठाची गोष्ट वेगळी. तिथे शीर्षक ‘Home’ असे दिसते आणि योस्टच्या मुखपृष्ठ-सेटिंगमध्ये काही बदलून उपयोग होत नाही. वर्डप्रेसच्या वाचन-सेटिंगमध्ये मुखपृष्ठ म्हणून एखादे स्थिर पान निवडलेले असेल, तर योस्ट त्या पानाचेच शीर्षक घेते. म्हणून ते पान संपादनासाठी उघडायचे आणि खालच्या योस्टच्या चौकटीत शीर्षक व वर्णन लिहायचे. सर्व लेखांची यादी दाखवणारे वेगळे पान असेल तर त्यालाही हाच नियम.

साचे सुधारले तरी काही लेख जुनेच शीर्षक दाखवत राहतात. तिथे कोणीतरी पूर्वी हाताने शीर्षक टाकलेले असते, किंवा दुसऱ्या प्लगइनमधून आणताना ते पक्के होऊन आलेले असते. लेखातली योस्टची शीर्षकाची चौकट बघितली की हे कळते. साच्यातून आलेले भाग छोट्या रंगीत गोळ्यांसारखे दिसतात. हाताने लिहिलेले नाव साध्या अक्षरांत असते. ते पुसले की साचा पुन्हा लागू होतो. असे लेख पुष्कळ असतील तर योस्टच्या `Tools` मध्ये `Bulk editor` आहे. त्यात सगळ्यांची यादी एकत्र दिसते.

काही जण मासिकाचे जुने नाव थेट डेटाबेसमध्ये बदलतात आणि पानावर तरीही जुनेच राहते. २०२० मधल्या १४.० आवृत्तीपासून योस्ट शीर्षके आणि वर्णने स्वतःच्या वेगळ्या तक्त्यातही नोंदवून ठेवते आणि पान दाखवताना तिथून वाचते. लेख संपादनातून जतन केला की ही नोंद बदलते. डेटाबेसमध्ये परस्पर बदल केला तर तिला पत्ताच लागत नाही. अशा वेळी लेख उघडून पुन्हा जतन करावा. सर्व्हरवर कमांड चालवता येत असेल तर सगळी नोंद नव्याने बांधता येते :

```
wp yoast index --reindex
```

आधी बॅकअप घ्यावा. साइट मोठी असेल तर ही कमांड गर्दी नसलेल्या वेळी चालवावी.

पानातला मजकूर बरोबर झाला तरी गुगलची यादी लगेच बदलत नाही. गुगलने ते पान पुन्हा वाचेपर्यंत काही दिवस, कधी काही आठवडे जातात. सर्च कन्सोलमध्ये पानाचा पत्ता तपासून `Request indexing` दाबता येते, पण रोज किती विनंत्या करायच्या यावर मर्यादा असते. म्हणून महत्त्वाची पानेच तिथे द्यावीत. आणि पानात बरोबर असूनही यादीत वेगळे शीर्षक दिसत असेल, तर ते गुगलने निवडलेले असते. ते पानावरचे मोठे मथळे आणि इतर पानांवरून आलेल्या दुव्यांतले शब्दही विचारात घेते. तेव्हा लेखाच्या वरचा मथळा आणि शीर्षक यांत फार अंतर आहे का ते बघावे. तसे ते असेल तर मथळा जुळवून घ्यावा.

व्हॉट्सअ‍ॅपवर लेख पाठवल्यावर दिसणारी ओळ मात्र वेगळी तपासावी लागते. ती पानातल्या `og:description` मधून येते, आणि योस्टमध्ये वर्णन रिकामे असले तर ही ओळ लेखाच्या सुरुवातीच्या मजकुरातून भरली जाते. म्हणजे गुगलसाठी रिकामे सोडलेले वर्णन चालून गेले, तरी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मजकूर आणि छायाचित्रे’ पुन्हा हजर होते. मासिकापुढे याचे दोन मार्ग आहेत : प्रत्येक लेखाला सारांश लिहिणे, किंवा श्रेयाची ओळ लेखाच्या शेवटी नेणे. दुसरा मार्ग पुढच्या सगळ्या लेखांना एकाच ठरावाने लागू होतो, म्हणून मी आधी तो करेन आणि सारांशाचे काम जुन्या, जास्त वाचल्या जाणाऱ्या लेखांपासून सुरू करेन.