कन्व्हर्टिबल बाँड : तीन आकडे आणि माझी एक चूक

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या एक्सेल शीटमध्ये एका बाँडचा रूपांतर प्रीमियम १,५०० टक्क्यांच्या वर आला होता. आउटलायर म्हणून मी ती ओळ काढूनच टाकणार होतो. नंतर कळलं की बाँड ठीक होता, चूक माझीच होती. त्याच बाँडवरून आज तीन संकल्पना समजून घेऊ : रूपांतर मूल्य, रूपांतर प्रीमियम आणि बाँड फ्लोअर.

बाँड टेस्लाचा. फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीने मार्च २०१९ ला मुदत संपणारे कन्व्हर्टिबल बाँड विकले. कूपन फक्त ०.२५ टक्के. दर १,००० डॉलरच्या बाँडमागे २.७७८८ शेअर घेण्याचा हक्क होता. विक्रीच्या वेळी शेअरचा भाव होता २५२.५४ डॉलर.

आता समजा, बाँड आजच शेअरमध्ये बदलला तर हातात काय येईल? २.७७८८ गुणिले २५२.५४, म्हणजे सुमारे ७०२ डॉलर. हे रूपांतर मूल्य. पण गुंतवणूकदाराने मोजले १,००० डॉलर. वरचे २९८ डॉलर ७०२ च्या तुलनेत ४२.५ टक्के होतात. हा रूपांतर प्रीमियम. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा : भागायचं रूपांतर मूल्याने, बाँडच्या किमतीने नाही. दुसऱ्या शब्दांत, १,००० भागिले २.७७८८ म्हणजे ३५९.८७ डॉलर हा रूपांतर भाव, आणि तो शेअरच्या तेव्हाच्या भावापेक्षा ४२.५ टक्के वर होता.

मग कोणी ७०२ च्या वस्तूला १,००० का देईल? कारण शेअर पडला तरी हातात एक साधा बाँड उरतो. रूपांतराचा हक्क काढून टाकल्यावर उरलेल्या कूपन आणि मुद्दलाची आजची किंमत म्हणजे बाँड फ्लोअर.

खरी अडचण इथे आहे : ही किंमत काढायला व्याजदर कोणता घ्यायचा? याच बाँडचा ०.२५ टक्के दर घेतलात तर फ्लोअर बरोबर १,००० येतो आणि रूपांतराचा हक्क फुकट मिळाला असा अर्थ निघतो. सरकारी रोख्यांचा दर घेतला तर कंपनी बुडण्याची जोखीमच विसरली जाते. घ्यायचा तो दर, ज्या दराने हीच कंपनी तेवढ्याच मुदतीचं साधं कर्ज काढू शकली असती. तो बहुतेक वेळा थेट दिसत नाही, अंदाजाने धरावा लागतो. समजा ५ टक्के धरला (कूपन सहामाही), तर फ्लोअर येतो ७९२ डॉलर. ८ टक्के धरला तर ६८६. फरक बघा : पहिल्या उत्तरात फ्लोअर रूपांतर मूल्याच्या वर आहे, दुसऱ्यात खाली. म्हणून पेपरमध्ये फ्लोअरचा एकच आकडा देऊन थांबू नका. कोणता दर धरला ते लिहा आणि दर बदलल्यावर निष्कर्ष टिकतो का तेही दाखवा.

'फ्लोअर' या शब्दावरही फार विसंबू नका. कंपनीची स्थिती बिघडली की शेअर पडतो आणि कर्जाचा दरही वाढतो. म्हणजे ज्या दिवशी जमिनीचा आधार हवा, नेमकी त्याच दिवशी जमीनही खचते.

टेस्लाच्या बाबतीत ती टिकली. फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस शेअर होता सुमारे ३२० डॉलर, म्हणजे रूपांतर मूल्य जेमतेम ८८९. मुदत संपत आल्यावर फ्लोअर १,००० कडे सरकतोच. ८८९ चे शेअर घेण्यापेक्षा १,००० रोख बरे, हे उघड होतं. कंपनीला ९२ कोटी डॉलर रोख मोजावे लागले. शेअर ३६० च्या वर असता तर हिशेब उलटा झाला असता. पाच वर्षं स्वस्त वाटलेलं कर्ज शेवटी रोखीने फेडावं लागतं, ते असं.

आता माझी चूक. टेस्लाचे शेअर ऑगस्ट २०२० मध्ये एकाचे पाच आणि ऑगस्ट २०२२ मध्ये एकाचे तीन झाले. त्यामुळे आजच्या डेटात २०१९ चा ३२० चा भाव १५ ने भागून सुमारे २१.३ दिसतो. बऱ्याच फुकट डेटासंचांत `Adj Close` च नाही, साध्या `Close` रकान्यातही हेच असतं. मी तो भाव मूळ २.७७८८ ने गुणला. रूपांतर मूल्य आलं ५९ डॉलर आणि प्रीमियम आभाळाला भिडला.

उपाय सोपा आहे. भाव त्या दिवशीचा मूळ घ्या, नाहीतर रूपांतराचं प्रमाणही १५ ने गुणा. आणि तपासणी म्हणून विक्रीच्या दिवशीचा प्रीमियम स्वतः काढून कंपनीच्या घोषणेतल्या आकड्याशी ताडा. माझ्या शीटमध्ये ४२.५ यायला हवे होते. ते आधीच पाहिलं असतं तर दोन आठवडे वाचले असते.