मिक्सरवर टॉवेल का टाकतात?

नवा मिक्सर बाजारात आणण्याआधी कंपनी सहा ते दहा ग्राहकांना एका टेबलाभोवती बसवते आणि दीड-दोन तास बोलतं करते. याला फोकस ग्रुप म्हणतात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४१ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये रेडिओच्या श्रोत्यांच्या मुलाखती घेताना या पद्धतीचा पाया घातला. सगळं बोलणं शब्दशः उतरवलं की तीस-चाळीस पानं सहज भरतात. मिक्सरचं डिझाइन करणाऱ्यांना ती वाचायला वेळ नसतो. म्हणून कुणीतरी दोन पानांचा सारांश काढतो, आणि गडबड बहुधा तिथेच होते.

‘सर्वांना दणकट, कमी आवाजाचा आणि धुवायला सोपा मिक्सर हवा आहे.’ असं वाक्य मी कितीतरी सारांशांत वाचलं आहे. ते खोटं नसतं, पण ते लिहायला कुणाला बोलवायची गरजच नव्हती.

समजा, अशा एका बैठकीत सात बायका आणि एकटा राहणारा एक तरुण आहे. नावांऐवजी प्रत्येकाला क्रमांक दिलेला असतो. काय हवं, असं विचारताच क्रमांक २ ठासून सांगतात, “भांडं मोठं हवं.” लगेच चार-पाच जण “हो, हो” करतात. घाईत असलेला सारांशकार इथे ‘एकमत’ असं लिहून मोकळा होतो. पण तासाभरानं तरुण म्हणतो, “माझी चार चमचे चटणी मोठ्या भांड्यात फिरतच नाही, कडेला चिकटून बसते.” मघाशी मान डोलावणाऱ्या दोघी आता त्याची री ओढतात. म्हणजे ते एकमत नव्हतंच. पहिल्या ठाम आवाजामागे बाकीचे गेले होते. म्हणून उतारा दोनदा वाचावा लागतो. एकदा सुरुवातीपासून, आणि मग प्रत्येक क्रमांकाचं बोलणं वेगळं काढून. दुसऱ्या वाचनात कोण कुठे बदललं, कोण गप्पच होतं, आणि कुणाचा होकार मॉडरेटरनं तोंडात घातला होता, हे उघडं पडतं. ‘म्हणजे आवाजाचा त्रास होतो ना?’ या प्रश्नाला आलेलं ‘हो’ पुराव्यात फारसं मोजायचं नसतं.

आता आवाजाचंच बघा. क्रमांक ३ म्हणतात, “आवाज असू दे, पण इडलीचं पीठ एका दमात वाटलं गेलं पाहिजे.” क्रमांक ७ म्हणतात, “पहाटे साडेपाचला डबा करायचा असतो, बाळ उठतं. म्हणून वाटण रात्रीच करून ठेवते.” ‘आवाजाबाबत मतभेद’ एवढंच लिहिलं, तर डिझाइनर दोघींच्या मधला आवाज शोधत बसेल आणि एकीचंही काम होणार नाही. भांडण आवाजाचं नाहीच. एक दुपारी किलोभर वाटते, दुसरी पहाटे मूठभर. सारांशात दोन्ही बाजू, त्यांच्यामागची परिस्थिती आणि प्रत्येकीचं एक वाक्य तिच्याच शब्दांत आलं पाहिजे. उताऱ्यातली वेळही शेजारी लिहावी, म्हणजे शंका आली तर मूळ बोलणं ऐकता येतं.

न भागलेली गरज ‘काय हवं’च्या उत्तरात क्वचितच सापडते. ती जाता जाता सांगितलेल्या जुगाडात असते. क्रमांक ४ हसत म्हणतात, “मी तर वरून टॉवेलच टाकते.” सगळे हसतात आणि विषय पुढे जातो. माझ्या मते चाळीस पानांतलं सर्वांत मोलाचं वाक्य हेच. टॉवेलनं हवा कोंडली की मोटर तापते, तरीही बाई तो धोका पत्करते आहे. क्रमांक ७ चं रात्री वाटून ठेवणं हाही त्याच अडचणीवरचा उपाय.

गरज लिहिताना उत्तर आत घुसवू नये. ‘सायलेंट मोटर हवी’ हे उत्तर झालं. ‘पहाटे घरातल्या कुणाला न उठवता थोडंसं वाटण करता यावं’ ही गरज. असं लिहिलं की डिझाइनरला लहान भांडं, कमी वेग, तळाचे रबरी पाय, असे सगळे रस्ते मोकळे राहतात. तरुणाच्या चार चमचे चटणीचा प्रश्नही याच लहान भांड्याशी येऊन मिळतो, हे दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्यावरच दिसतं.

मात्र आठांपैकी दोघांनी सांगितलं म्हणून ‘२५ टक्के ग्राहक’ असं लिहिणं ही शुद्ध फसवणूक आहे. आठ जण निवडून बोलावलेले असतात. ते अडचण कोणती आणि का, एवढंच सांगू शकतात. ती किती घरांत आहे, हे मोठ्या सर्वेक्षणाशिवाय कळत नाही, आणि सारांशाच्या शेवटी तसं स्पष्ट लिहिलेलं असावं.