चार पत्रं, चार पाकिटं आणि ८१/२५६

संभाव्यतेच्या धड्यात एक प्रश्न नावं आणि आकडे बदलून पुन्हा पुन्हा भेटतो. अनिल, भारती, चंदू आणि दीपा अशा चौघांना लिहिलेली चार पत्रं आहेत, आणि त्यांचे पत्ते घातलेली चार पाकिटं. कुणीतरी न बघता प्रत्येक पाकिटात एकेक पत्र घालून मोकळा झाला. तर एकही पत्र योग्य पाकिटात न पडण्याची संभाव्यता किती? पर्याय असे: (१) १/२४, (२) ८१/२५६, (३) ३/८, (४) ५/८.

ज्याने अभ्यासच केलेला नाही तो यातला कुठलाही पर्याय ठोकून देतो. ज्याचा अभ्यास अर्धामुर्धा झाला आहे तो मात्र हमखास दुसऱ्यावर खूण करतो. त्याचा विचार वरवर पाहता बिनचूक वाटतो. अनिलच्या पाकिटात चारपैकी कुठलंही पत्र जाऊ शकतं, त्यातली तीन चुकीची, म्हणून चूक होण्याची संभाव्यता ३/४. भारतीच्या पाकिटाचंही तेच, चंदूचं आणि दीपाचंही तेच. चारही चुकायला हवीत, म्हणून ३/४ चार वेळा गुणायचं. ८१/२५६ हे उत्तर पर्यायांत दिसतंच. ते तिथे दिसतं म्हणूनच तो निश्चिंत होतो. प्रश्न काढणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. असे पर्याय कुणी सहज म्हणून ठेवत नाही.

आधी खरं उत्तर मोजून काढू. चार पत्रं चार पाकिटांत घालण्याच्या एकूण रीती २४. त्यातल्या किती रीतींत एकही पत्र जागेवर नाही? समजा अनिलच्या पाकिटात भारतीचं पत्र गेलं. आता भारतीच्या पाकिटात काय जाईल? अनिलचं गेलं, तर चंदू आणि दीपाची पत्रं आपसात बदलावीच लागतील, म्हणजे रीत एकच. चंदूचं गेलं, तर अनिलचं आणि दीपाचं उरतं. दीपाच्या पाकिटात दीपाचं चालणार नाही, म्हणून तिथे अनिलचं आणि चंदूकडे दीपाचं, पुन्हा एकच रीत. दीपाचं गेलं, तरी तसंच होऊन एकच रीत मिळते. म्हणजे अनिलला भारतीचं पत्र गेल्यावर तीन रीती. त्याला चंदूचं किंवा दीपाचं गेलं तरी प्रत्येकी तीनच, कारण त्या नावांत वेगळं काही नाही. एकूण ९. संभाव्यता ९/२४, म्हणजे ३/८. उत्तर तिसरा पर्याय.

(ही 'सगळी नावं सारखीच' युक्ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. २०१४च्या जेईई अ‍ॅडव्हान्स्डमध्ये सहा कार्डं आणि सहा पाकिटांचा असाच प्रश्न होता, वर अट अशी की पहिलं कार्ड दुसऱ्याच पाकिटात जायला हवं. सहांसाठी एकही जागेवर नसण्याच्या रीती २६५. पहिलं कार्ड जाऊ शकेल अशी पाकिटं पाच, सगळी सारखीच, म्हणून २६५ भागिले ५, उत्तर ५३.)

आता टक्केवारीत बघा. गुणाकाराने ३१.६ टक्के आले, मोजून ३७.५ टक्के. फरक लहान नाही. आणि गंमत अशी की चुकीच्या उत्तरातला एकेक अपूर्णांक बरोबर आहे. अनिलचं पाकीट चुकण्याची संभाव्यता खरोखर ३/४ आहे. दीपाचीही ३/४ आहे, तिच्या पाकिटाची पाळी सर्वांत शेवटी आली तरीसुद्धा. चूक अपूर्णांकांत नाही, ती त्यांना जोडणाऱ्या गुणाकाराच्या चिन्हात आहे. दोन घटना स्वतंत्र असतील, म्हणजे एक घडल्याची बातमी कळल्याने दुसरीबद्दलचा अंदाज तिळमात्र बदलत नसेल, तरच त्यांच्या संभाव्यता सरळ गुणता येतात. एरवी दुसरा अपूर्णांक घ्यायचा तो 'पहिली घटना घडली आहे' हे धरून. पाठ्यपुस्तक त्याला सशर्त संभाव्यता म्हणतं.

मग इथे बातमीने काय बदलतं? समजा कळलं, की अनिलच्या पाकिटात चुकीचं पत्र आहे. ते कुणाचं असेल? तीन शक्यता, सारख्याच वजनाच्या. त्यातली एक अशी की ते भारतीचंच पत्र आहे. तसं असेल तर भारतीच्या पाकिटात भारतीचं पत्र जाणं अशक्यच, तिचं पाकीट चुकणार हे शंभर टक्के. उरलेल्या दोन शक्यतांत भारतीचं पत्र अजून ढिगात आहे आणि ढिगात पत्रं तीन, म्हणून चुकण्याची संभाव्यता २/३. हिशेब करा: १/३ गुणिले १, अधिक २/३ गुणिले २/३, बेरीज ७/९. म्हणजे ३/४ ऐवजी ७/९, पाऊण भागापेक्षा थोडं जास्त. एकाचं चुकणं दुसऱ्याच्या चुकण्याला हातभार लावतं.

हे पुढेही चालू राहतं. पहिली दोन पाकिटं चुकली आहेत असं धरलं, तर तिसरं चुकण्याची संभाव्यता ११/१४. तिन्ही चुकली असं धरलं, तर चौथं चुकण्याची ९/११. आता या चौघांचा गुणाकार करा: ३/४, ७/९, ११/१४, ९/११. छेद आणि अंश एकमेकांत उडून उरतं ३/८. म्हणजे गुणाकाराची वाटही बंद नव्हती, फक्त प्रत्येक पायरीवर अपूर्णांक नवा घ्यायला हवा होता.

परीक्षेच्या हॉलमध्ये इतका वेळ नसतो. पण चूक पकडायला इतका वेळ लागतही नाही. सर्वांत स्वस्त तपासणी म्हणजे प्रश्न लहान करून पाहणं. चारांऐवजी दोनच पत्रं घ्या. ती एक तर दोन्ही बरोबर पडतील, नाही तर दोन्ही चुकतील. तिसरं काही होऊच शकत नाही. म्हणून दोन्ही चुकण्याची संभाव्यता अर्धी. घटना स्वतंत्र धरून मात्र १/२ गुणिले १/२, म्हणजे पाव उत्तर येतं. आणि त्या हिशेबात 'एक बरोबर, एक चूक' याला निम्मी संभाव्यता मिळते, जी गोष्ट कधी घडणारच नाही.

चार पत्रांतही हे असंच उघडं पडतं. तीन पत्रं आपापल्या पाकिटात गेली, तर चौथं जाणार कुठे? 'नेमकी तीन बरोबर' ही स्थिती अस्तित्वातच नाही. पण स्वतंत्र धरून हिशेब केला, तर तिची संभाव्यता १२/२५६ येते, शंभरात जवळजवळ पाच वेळा. अशक्य गोष्टीला ज्या हिशेबात पाच टक्के मिळतात, त्या हिशेबाचं बाकीचं काही खरं धरू नये.

तिसरी तपासणी तर पर्याय नुसते पाहूनच होते. एकूण रीती २४, त्या सगळ्या सारख्या संभवाच्या. म्हणून कुठलंही उत्तर 'चोवीसांश' अशा रूपात लिहिता आलं पाहिजे. ३/८ म्हणजे ९/२४, ५/८ म्हणजे १५/२४. ८१/२५६चे चोवीसांश काही केल्या होत नाहीत. तो पर्याय पेन न उचलता कापता येतो.

मग हे २५६ आलं कुठून? ते दुसऱ्याच एका खेळाचं आहे. समजा चौघांच्या नावांच्या चार चिठ्ठ्या डब्यात आहेत. प्रत्येकाने एक काढायची, वाचायची, परत डब्यात टाकून डबा हलवायचा आणि पुढच्याकडे द्यायचा. इथे कुणाच्या निवडीने कुणाचं काही अडत नाही, एकूण निकाल ४×४×४×४ म्हणजे २५६, आणि कुणालाच स्वतःचं नाव न येण्याची संभाव्यता बरोबर ८१/२५६. विद्यार्थ्याने गणित चोख केलं, पण चिठ्ठी परत डब्यात टाकण्याच्या खेळाचं. पाकिटात गेलेलं पत्र परत ढिगात येत नाही.

इथवर गोष्ट सरळ आहे. पण पत्रांची संख्या वाढवत नेली की तिला एक वळण मिळतं. दहा पत्रं घ्या. स्वतंत्र धरून एकही जागेवर नसण्याची संभाव्यता ३४.९ टक्के, खरी ३६.८. शंभर पत्रं घेतली तर ३६.६ आणि ३६.८. चुकीची रीत बरोबर उत्तराला येऊन जवळजवळ चिकटते. कारण उघड आहे: शंभर जणांत अनिलच्या पाकिटात चुकून गेलेलं पत्र नेमकं भारतीचं असण्याची संभाव्यता ९९ मध्ये एक. एकाच्या चुकीचा दुसऱ्यावरचा भार इतका हलका, की सगळे भार एकत्र केले तरी फरक दशांश टक्क्यांत राहतो. चौघांत मात्र तो तीनात एक होता. घटना परस्परांवर अवलंबून आहेत का, एवढं विचारून भागत नाही. किती अवलंबून आहेत तेही पाहावं लागतं.

खरी संभाव्यता तर दहापासून पुढे ३६.८ च्या आसपासच थांबते, पत्रं दहा असोत की दहा हजार. या नवलाची नोंद फार जुनी आहे. पियेर रेमाँ द माँमोर या फ्रेंच गणितीने १७०८ साली जुगाराच्या खेळांवर एक पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात 'त्रेझ' म्हणजे 'तेरा' नावाचा पत्त्यांचा खेळ आहे. त्याचं सोपं रूप असं: एक्क्यापासून राजापर्यंतचे तेरा पत्ते पिसायचे, एकेक उलटायचा आणि तोंडाने एक, दोन, तीन असं तेरापर्यंत म्हणत जायचं. म्हटलेला आकडा आणि उलटलेला पत्ता एकदा जरी जुळला तरी जिंकलं. जिंकण्याची संभाव्यता ६३.२ टक्के. पुस्तकाच्या १७१३च्या आवृत्तीत निकोलस बर्नुली याचा पत्रव्यवहार आणि सिद्धता आली. पुढे ऑयलरनेही या खेळावर लिहिलं.

डिसेंबरात ऑफिसात सीक्रेट सँटाच्या चिठ्ठ्या काढतात तेव्हाही हेच ६३ टक्के आडवे येतात. कुणाला तरी स्वतःचंच नाव येतं आणि सगळा डाव पुन्हा मांडावा लागतो. लोक म्हणतात, दहाच माणसं आहेत म्हणून असं होतं. माणसं शंभर असती तरी तितक्याच वेळा झालं असतं.

शेवटी एक प्रश्न वेगळ्या धाटणीचा: चार पत्रांपैकी सरासरी किती योग्य जागी पडतील? प्रत्येकाची संभाव्यता १/४, अशी चार, बेरीज १. इथे कुणी म्हणेल, घटना अवलंबून असताना सरळ बेरीज कशी चालेल? चालते. सरासरीच्या बेरजेला स्वातंत्र्याची अट नाही, ती अट गुणाकाराला आहे. पटत नसेल तर २४ रीती मोजा: नऊंत एकही बरोबर नाही, आठांत एक, सहांत दोन, आणि एका रीतीत चारही. बरोबर पडलेली पत्रं ८ अधिक १२ अधिक ४, म्हणजे २४, रीतीही २४.