सर्व्हर चालू, तरी लोड बॅलन्सर म्हणतो ‘बंद’

लोड बॅलन्सरला सर्व्हरच्या आत काय चालले आहे ते दिसत नाही. तो बाहेरून ठरावीक वेळाने एक छोटी विनंती पाठवतो आणि वेळेत, हवे तसे उत्तर आले तरच त्या सर्व्हरकडे ग्राहक धाडतो. ॲमेझॉनच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरमध्ये मुद्दाम काही बदलले नसेल, तर ही विनंती दर 30 सेकंदांनी `/` या पाथवर जाते, उत्तरासाठी 5 सेकंद थांबते आणि उत्तराचा कोड 200 असावा अशी अपेक्षा धरते. सलग दोन चाचण्या फसल्या की सर्व्हरवर `unhealthy` असा शिक्का बसतो. म्हणजे धडधाकट सर्व्हरलाही हा शिक्का बसू शकतो. चाचणी चुकीच्या दारावर गेली किंवा वाटेतच अडली, एवढे कारण पुरते.

समजा, एका दुकानाची वेबसाइट 8080 या पोर्टवर चालते. व्यवस्थापक सर्व्हरवर लॉगिन करून `curl -i http://127.0.0.1:8080/` ही आज्ञा देतो आणि उत्तर लगेच येते. यावरून प्रोग्रॅम जिवंत आहे एवढेच कळते. सर्व्हरने स्वतःलाच विचारले आहे. लोड बॅलन्सर ज्या वाटेने येतो ती वाट यात तपासलीच गेली नाही. म्हणून अंदाज बांधण्याआधी टार्गेट ग्रुपच्या पानावर लोड बॅलन्सरने दिलेले कारण वाचावे. बराचसा शोध तिथेच संपतो.

तिथे असे दिसले, असे धरू:

```
Health checks failed with these codes: [302]
```

ही खरे तर चांगली बातमी आहे. विनंती पोहोचली, उत्तरही आले. म्हणजे पोर्ट बरोबर आहे आणि फायरवॉल आड आलेली नाही. मुखपृष्ठ लॉगिनच्या पानाकडे वळवते, त्या वळवण्याचा कोड 302 आहे आणि लोड बॅलन्सरला हवा आहे 200. अशा वेळी 302 लाही ‘चालेल’ म्हणण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. लॉगिन न मागणारा, नेहमी 200 देणारा `/health` असा वेगळा पाथ प्रोग्रॅममध्ये करावा आणि चाचणी तिकडे लावावी. कोड 404 असेल तर पाथ लिहिण्यात चूक आहे. 400 मात्र चकवतो. चाचणीच्या विनंतीत `Host` म्हणून वेबसाइटचे नाव नसते, सर्व्हरचा खासगी आयपी पत्ता असतो. जँगोवर बांधलेली साइट `ALLOWED_HOSTS` मध्ये नसलेल्या नावाची विनंती नाकारते आणि 400 देते. ब्राउझरमध्ये मात्र तीच साइट सुरळीत उघडते.

कारण `Request timed out` असेल, तर गोष्ट वेगळी. प्रोग्रॅम संथ झाला नसेल, तर विनंती बहुधा वाटेतच गिळली गेली आहे. ते सर्व्हरवरच पाहता येते:

```
sudo ss -ltnp
sudo tcpdump -ni any port 8080
```

पहिल्या आज्ञेने कोणता प्रोग्रॅम कुठल्या पत्त्यावर आणि पोर्टवर ऐकत बसला आहे ते दिसते. तिथे `127.0.0.1:8080` दिसले तर तो फक्त घरातल्यांचेच ऐकतो आहे. तो `0.0.0.0:8080` वर किंवा सर्व्हरच्या खासगी पत्त्यावर ऐकायला हवा. चाचणीचा पोर्टही इथेच जुळवून पाहावा. वेबसाइट 80 वरून 8080 वर हलवली, पण चाचणीचा पोर्ट हाताने 80 लिहिलेला तसाच राहिला, असे बरेचदा होते.

दुसऱ्या आज्ञेने येणारी पाकिटे दिसतात. मिनिटभर पाहूनही काहीच आले नाही, तर सिक्युरिटी ग्रुपने ती सर्व्हरच्या बाहेरच टाकून दिली आहेत, अशी दाट शक्यता. पाकिटे येताना दिसली पण उत्तर जात नसेल, तर सर्व्हरची स्वतःची फायरवॉल तपासावी, कारण `tcpdump` ला पाकीट त्या फायरवॉलच्या आधी दिसते. पहिल्या प्रकारात सर्व्हरच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये 8080 साठी नियम घालावा आणि येणाऱ्याच्या जागी लोड बॅलन्सरचा सिक्युरिटी ग्रुप निवडावा. घाईत 8080 साऱ्या जगाला उघडा करून ठेवू नये. सबनेटला वेगळी नेटवर्क एसीएल लावलेली असेल, तर तिला गेलेल्या-आलेल्या पाकिटांची आठवण नसते. परतीच्या उत्तरासाठी 1024 ते 65535 हे पोर्ट तिथे बाहेर जाण्यासाठी मोकळे लागतात.

दुरुस्तीनंतर शिक्का लगेच पुसला जात नाही. सलग पाच चाचण्या पार पडाव्या लागतात, म्हणजे दोन-अडीच मिनिटे थांबावे लागते. तेवढ्यात पुन्हा काही बदलू नये.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. सगळेच सर्व्हर `unhealthy` ठरले, तर हा लोड बॅलन्सर दार लावून घेत नाही, साऱ्यांकडेच ग्राहक पाठवत राहतो. चुकीच्या पाथमुळे पॅनेलवर सगळे लाल असूनही साइट चालताना दिसते ती यामुळेच. पण त्या स्थितीत एखादा सर्व्हर खरोखर कोसळला, तर त्याच्याकडेही ग्राहक जातच राहतात.