पैसे मुलाचे, आजार आईचा

बमरोलीत माझ्या ओळखीची निम्मी माणसं खानदेशची. मुलगा इथे यंत्रमागावर आणि आईवडील नंदुरबारकडे गावी. त्यामुळे ओळखीच्या एका डॉक्टरांनी व्हिडिओ कॉलवर सल्ला देण्यासाठी वेबसाइट करून मागितली, तेव्हा मला काम सोपं वाटलं. वेळ निवडा, तीनशे रुपये भरा, कॉल घ्या, झालं!

पहिल्याच आठवड्यात एका मुलाने गावच्या आईसाठी वेळ घेतली. पैसे त्याच्या यूपीआयवरून गेले, संमतीच्या चौकटीत टिकही त्यानेच केली. कॉल आईशी झाला. चिठ्ठी आणि पावती मात्र त्याच्याच मोबाइलवर गेली, पावतीवर ‘मधुमेह तपासणी’ असं छापून. तो मोबाइल खोलीतल्या चौघांच्या हातात असतो. पुढच्या वेळी आई डॉक्टरांना म्हणाल्या, “मला काय झालंय, ते खोलीतल्या पोरांना आधी कळलं.” चूक माझी होती. पैसे भरणारा आणि रुग्ण एकच, असं मी धरून चाललो होतो.

मग केंद्र सरकारची मार्च 2020ची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वं नीट वाचली. रुग्णाने स्वतः कॉल केला तर त्याची संमती गृहीत धरतात. पण शुद्धीवर असलेल्या मोठ्या माणसाच्या वतीने, ते माणूस समोर नसताना, दुसऱ्याने बोलायचं असेल तर रीतसर अधिकारपत्र, नात्याचा पडताळलेला कागद किंवा आधीच्या प्रत्यक्ष भेटीत रुग्णाने दिलेला होकार लागतो. नुसतं ‘मी मुलगा आहे’ म्हणून भागत नाही.

आता साइट आधी विचारते, “रुग्ण कोण?” दुसरं कुणी असेल तर मराठी किंवा गुजरातीतलं छोटं पत्रक रुग्णाच्याच नंबरवर जातं. त्यात डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, कोणती माहिती ठेवणार, ती कोण बघणार, आणि हात लावून तपासणं गरजेचं वाटलं तर डॉक्टर कॉल थांबवून पैसे परत करतील, एवढंच. टिकची चौकट आधी रिकामी असते. रुग्णाचा होकार आल्यावरच मुलाकडे पैसे भरायची लिंक जाते. पेमेंट कंपनीला आम्ही फक्त बुकिंग नंबर आणि रक्कम कळवतो, आजार नाही. चिठ्ठी रुग्णाकडे, पावती मुलाकडे.

पैशांचीही एक गोम निघाली. खात्यातून पैसे कापले जायचे, पण तेवढ्यात ब्राउझर बंद झाला की आमच्याकडे बुकिंगच दिसायचं नाही. माणूस घाबरून पुन्हा पैसे भरायचा. आता पेमेंट कंपनीचा सर्व्हर आमच्या सर्व्हरला थेट कळवतो, आणि त्यावरच वेळ पक्की होते. तीच सूचना कधी दोनदा येते, म्हणून व्यवहार क्रमांक आधी नोंदला आहे का ते बघावं लागतं. पैसे येईपर्यंत ती वेळ पंधरा मिनिटं राखून ठेवतो.

त्या आईंना वाचता येत नाही, हे नंतर कळलं. त्यांना आता दवाखान्यातून फोन जातो, पत्रक वाचून दाखवतात आणि त्यांचं “हो, चालेल” आवाजातच नोंदवून ठेवतात. तत्त्वांत तेही चालतं. पावतीवर फक्त ‘सल्ला शुल्क’ असतं.