शहाळं, चुकलेलं डायलिसिस आणि ईसीजीवरचा तंबू

आज एकच पेशंट आणि एकच ईसीजी. पेशंट मी मनाने रचलाय, पण अशी माणसं आपल्या शहरात खरंच असतात.

समजा, औरंगपुऱ्यात राहणारे एक काका आहेत, वय पंचावन्न. किडन्या निकामी झाल्यात, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. गावाकडे लग्न होतं म्हणून एक वेळ चुकली. उन्हाचा त्रास नको म्हणून तिथे रोज दोन शहाळी प्यायले. परत आल्यावर सकाळी उठायला गेले तर पायात जोरच नाही. छातीत दुखत नाही, ताप नाही. घरच्यांना वाटलं, प्रवासाचा थकवा असेल.

इमर्जन्सीत ईसीजी काढला. नाडी ४४. टी वेव्ह उंच, टोकदार, बुडाला अरुंद, अगदी तंबूसारखी. पी वेव्ह शोधूनही सापडत नाही. आणि क्यूआरएस पाच छोटे चौकोन रुंद. ईसीजीच्या कागदावर एक छोटा चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद. निरोगी माणसाचं क्यूआरएस तीन चौकोनांच्या आत आटोपतं. काकांना लागतात ०.२० सेकंद!

आता हे होतं कसं? शरीरातलं जवळजवळ ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं, रक्तात अगदी थोडं, लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिमोल. या आत-बाहेरच्या फरकावरच हृदयाची पेशी विजेसाठी तयार बसलेली असते. किडनी पोटॅशियम बाहेर टाकेना की रक्तातलं वाढतं आणि हा फरक कमी होतो. सुरुवातीला प्रत्येक ठोक्यानंतर पेशी लवकर पूर्वस्थितीला येतात, म्हणून टी वेव्ह टोकदार दिसते. पुढे सोडियम आत घेणारे दरवाजे अर्धवट बंदच राहू लागतात. वीज रांगत रांगत पुढे सरकते, म्हणून क्यूआरएस पसरतं. वरचे कप्पे आधी गप्प होतात, म्हणून पी वेव्ह गायब. शेवटी क्यूआरएस आणि टी एकमेकांत मिसळून नुसती लाटेसारखी रेघ उरते. तिथून हृदय थांबायला वेळ लागत नाही.

गंमत म्हणजे (गंमत कसली!), उंच टी वेव्हला मॉनिटर कधीकधी वेगळा ठोका समजतो आणि नाडी दुप्पट दाखवतो. म्हणून मशीनच्या आकड्यावर विसंबायचं नाही, मनगटावर हात ठेवून मोजायची.

असा ईसीजी दिसल्यावर रक्ताच्या रिपोर्टची वाट बघत बसायचं नसतं. डॉक्टर आधी शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट देतात, १० टक्क्यांचं १० मिली, काही मिनिटांत सावकाश. ऐका, इथे बरेच जण चुकतात: कॅल्शियमने पोटॅशियम एक थेंबही कमी होत नाही. ते फक्त हृदयाला ढाल देतं. काही मिनिटांत क्यूआरएस अरुंद होऊ लागतं, पण ही ढाल अर्धा-एक तासच टिकते. तेवढ्यात इन्सुलिन आणि सोबत ग्लुकोज देऊन पोटॅशियम पेशींच्या आत ढकलतात. ग्लुकोज नसेल तर साखर खाली जाते. आणि तरीही पोटॅशियम शरीरातच आहे! काही तासांनी ते परत बाहेर येईल. काकांच्या शरीरातून ते काढणार डायलिसिसच.

काकांचा रिपोर्ट नंतर आला: ७.८.

उलटंही घडतं. पोटॅशियम खूप असून ईसीजी साधा दिसू शकतो, आणि वर सांगितलेल्या पायऱ्या क्रमाने येतीलच असं नाही. त्यामुळे ईसीजी नॉर्मल म्हणून डायलिसिसच्या पेशंटला घरी पाठवणं मला तरी पटत नाही. दुसरीकडे, रक्त काढताना पेशी फुटल्या तर रिपोर्ट खोटाच जास्त येतो. तब्येत ठीक, ईसीजी स्वच्छ आणि आकडा ७, असं असेल तर नमुना लगेच पुन्हा घ्यावा लागतो. मनगटावरच्या स्मार्टवॉचचा ईसीजी या कामाचा नाही. तो ठोक्यांची लय बघायला बनवलाय, पोटॅशियम ओळखायला नाही.

पोटॅशियम कमी झालं, समजा जुलाबांनी किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी, तर चित्र उलटं: टी वेव्ह चपटी होते आणि तिच्या मागे यू नावाची छोटी लाट उगवते. त्यावर वेगळा भाग करू.

आता काकांचं घर. शहाळ्यात पाचशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं, मोठं असेल तर जास्तच. निरोगी किडनी ते सहज बाहेर टाकते, काकांची टाकत नाही. पण शहाळं निदान डोळ्यांना दिसतं. स्वयंपाकघरात बीपीसाठी म्हणून आणलेलं 'लो सोडियम' मीठ असेल तर पाकिटाची मागची बाजू वाचा. त्यात सोडियमच्या जागी बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराईडच घातलेलं असतं, आणि ते पाकीट घरच्यांनी काकांच्या काळजीपोटीच आणलेलं असतं.