ओठांआधी शब्द

मोबाइलवर सिनेमा सुरू आहे, कानात वायरलेस इअरबड्स आहेत. पडद्यावरच्या नायिकेचे ओठ हलायच्या आतच तिचा संवाद ऐकू येतो. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोहोचतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. मग तो चित्राच्या पुढे कसा धावतो?

याचे मूळ त्या उशिरातच आहे. फोन आवाज दाबून लहान करतो आणि रेडिओलहरींवरून तुकड्यातुकड्यांनी पाठवतो. एखादा तुकडा वाटेत अडला तरी आवाज तुटू नये, म्हणून इअरबड थोडा साठा जमवूनच तो वाजवतो. यात बहुधा 150 ते 250 मिलिसेकंद जातात. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. आपल्याला किती उशीर लागतो, हे अनेक इअरबड्स फोनला कळवतात आणि व्हिडिओ दाखवणारे अ‍ॅप तेवढा वेळ चित्र थोपवून धरते.

हा हिशेब चुकला की चित्र मागे पडते. समजा, इअरबडने 220 मिलिसेकंदांचा उशीर कळवला. नंतर कुणी त्यावरचा गेम मोड सुरू केला आणि खरा उशीर 80 वर आला, पण फोनकडे जुनाच आकडा राहिला. चित्र अजूनही 220 मिलिसेकंद थांबते आणि आवाज 140 मिलिसेकंद आधी येतो.

ही चूक चटकन खुपते. आधी वीज दिसते, मग गडगडाट होतो. आवाज मागून येण्याची कानांना सवय आहे, पुढून येण्याची नाही. प्रसारणासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने 1998 मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार, आवाज सुमारे 45 मिलिसेकंद पुढे गेला तरी प्रेक्षकाला जाणवतो. मागे राहिला तर मात्र सुमारे 125 पर्यंत जाणवत नाही.

दोष कुठे आहे, हे घरीच तपासता येते. कुणाला तरी टाळ्या वाजवायला सांगून त्याचा व्हिडिओ काढावा आणि आधी फोनच्या स्पीकरवर, मग इअरबड्सवर पाहावा. स्पीकरवर जुळणारी टाळी इअरबड्सवर चुकली, तर हिशेब ब्लूटूथचा बिघडला आहे. गेम मोड बंद करून इअरबड्स पुन्हा जोडले की बहुधा नवा आकडा फोनकडे जातो.

एखादा सिनेमा मात्र स्पीकरवरही चुकत असेल आणि अंतर मिनिटागणिक वाढत असेल, तर फोन किंवा संगणक चित्र उलगडताना दमतो आहे. तिथे 4के ऐवजी 1080 चा दर्जा निवडावा आणि मागे चालू असलेली अ‍ॅप्स बंद करावीत.

अंतर कायम तेवढेच राहत असेल, तर ते हातानेही भरून काढता येते. संगणकावरच्या व्हीएलसी प्लेयरमध्ये K दाबल्यावर आवाज 50 मिलिसेकंद मागे सरकतो, J दाबल्यावर पुढे येतो. वरच्या उदाहरणात K तीनदा दाबला की 150 मिलिसेकंद होतात. आवाज चित्राच्या जेमतेम 10 मिलिसेकंद मागे उरतो आणि संवाद पुन्हा नायिकेच्या ओठांवर येतो.